प्रोबेशनच्या आढाव्यात कमी पडलेल्या नव्या कर्मचाऱ्याला पत्र कसे लिहावे

आढाव्याची बैठक झाली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पत्र द्यावे आणि बैठकीत न काढलेला एकही आक्षेप त्यात घालू नये. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि आढाव्याचा कालावधी दोन ओळींत आटोपावा.

खरी कसोटी गुणांखालच्या वाक्यांची असते. लेखा विभागात मी अशी पत्रे अनेक वर्षे लिहीत आलो आहे. सुरुवातीला ‘अचूकता : ५ पैकी २. कामाकडे अधिक लक्ष द्यावे’ एवढे लिहून मी मोकळा होत असे. एका मुलीने ते वाचून विचारले, “सर, नेमकं कशाकडे लक्ष देऊ?” मला उत्तर देता आले नाही, कारण तिच्या नोंदी मी उघडून पाहिल्याच नव्हत्या.

तेव्हापासून गुण देण्याआधी मी गेल्या महिन्यातील ५० खरेदी बिले काढून नोंदींशी ताडून पाहतो. एका नव्या सहायकाच्या ९ नोंदी चुकल्या होत्या आणि त्यांपैकी ७ ठिकाणी चूक एकच होती : पुरवठादार गुजरातचा, त्याचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा, माल आपल्याकडे महाराष्ट्रात आलेला, तरीही दोन राज्यांमधील व्यवहाराच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या राज्यात होणाऱ्या व्यवहाराच्या सीजीएसटी आणि एसजीएसटीची नोंद. उरलेल्या दोहोंत बिल क्रमांक चुकला होता. पत्रात हेच, बिलांच्या तारखांसह लिहावे. ‘निष्काळजी’, ‘उदासीन’ अशी स्वभावाची विशेषणे अजिबात वापरू नयेत. त्या मुलाला क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याचबरोबर दया येऊन २ चे ३ गुणही करू नयेत, कारण पुढे प्रोबेशन वाढवताना तेच ३ गुण तुमच्यासमोर ठेवले जातात.

सुधारणा आराखड्यात दोनच गोष्टी घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे कार्यालयाने काय करायचे हेही लिहावे. मी असे लिहिले : ‘पहिले दोन आठवडे वरिष्ठ सहायक रोज चार वाजता आपल्या १० नोंदी आपल्यासमवेत तपासतील. सहाव्या आठवड्याअखेर ५० नोंदींत २ पेक्षा अधिक चुका नसाव्यात.’ ‘लक्षणीय सुधारणा अपेक्षित’ या शब्दांची मोजणी कोणालाच करता येत नाही.

प्रोबेशन वाढवत असाल तर नवी अखेरची तारीख आणि उद्दिष्ट न गाठल्यास काय होईल, हे स्पष्ट लिहावे.

सहीच्या वर कर्मचाऱ्याच्या म्हणण्यासाठी पाच-सहा ओळी मोकळ्या सोडाव्यात. त्याच सहायकाने तिथे लिहिले की, तीन पुरवठादारांच्या खात्यात राज्य आधीपासूनच ‘महाराष्ट्र’ असे भरलेले होते. तपासल्यावर ते खरे निघाले आणि त्या तीन चुका वगळून मी पत्र नव्याने दिले.