भाग्यपत्रिकेच्या फोटोवरून सामन्यांची यादी करताना: डावीकडून नव्हे, अंतिम सामन्याकडून सुरुवात करा

कबड्डी स्पर्धेच्या कार्यालयात नव्याने मदतीला आलेल्या मुलामुलींच्या हाती बहुधा हेच काम पहिले दिले जाते. भिंतीवर चिकटवलेल्या भाग्यपत्रिकेचा कोणीतरी फोटो काढलेला असतो आणि त्यावरून निवेदक, गुणलेखक, संघ व्यवस्थापक आणि वार्ताहर यांच्यासाठी फेरी, संघ, वेळ आणि मैदान अशी सरळ यादी हवी असते. ‘दहा मिनिटांचे काम आहे’ असे सांगणारे ज्येष्ठ कार्यकर्ते प्रत्येक मंडळात असतात. त्यांनी स्वतः ती यादी शेवटची कधी केली, हे एकदा विचारून पाहावे. काम अवघड नाही, पण त्यात एक जागा अशी आहे की तेथे चूक होते आणि स्पर्धा सुरू होईपर्यंत लक्षातही येत नाही. या लेखाचा बराचसा भाग त्या एका जागेसाठीच आहे, कारण मलाही ती जागा कोणी आधी दाखवली नव्हती.

बाद पद्धत, बाय आणि वरचा-खालचा अर्धभाग या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे मी गृहीत धरते. उदाहरणासाठी पुरुष गटातील 11 संघांची, एका रात्रीत दोन मैदानांवर उरकायची स्पर्धा घेऊ आणि संघांना भाग्यपत्रिकेतील क्रमांकांनीच ओळखू. 11 च्या पुढची दोनाची घात संख्या 16, म्हणून बाय पाच. वरच्या अर्ध्या भागात संघ 1 ते 6 आणि खालच्या भागात 7 ते 11 येतात. प्रचलित क्रमाने पहिली बाय खालच्या भागातील शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातील पहिल्याला, तिसरी खालच्या भागातील पहिल्याला आणि चौथी वरच्या भागातील शेवटच्याला दिली जाते; पाचवी पुन्हा खालच्या भागात, शेवटून दुसऱ्या संघाला मिळते. म्हणजे 11, 1, 7, 6 आणि 10 हे पाच संघ पहिल्या फेरीत खेळत नाहीत.

आता हीच पत्रिका फोटोत कशी दिसते ते पाहा. डाव्या कडेला अकरा नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. 2 आणि 3, 4 आणि 5, 8 आणि 9 या जोड्यांच्या आडव्या रेघा आखूड असून त्या लगेच एका उभ्या रेघेला मिळतात. बाय मिळालेल्या संघांच्या आडव्या रेघा मात्र लांब असतात आणि पुढच्या फेरीच्या उभ्या रेघेपर्यंत जातात. संघ 1 च्या बाबतीत गोंधळ होत नाही, कारण त्याचा जोडीदार म्हणून समोर नाव नसून 2 आणि 3 यांच्या सामन्यातून आलेली मोकळी रेघ दिसते. गोंधळ होतो तो 10 आणि 11 यांच्यापाशी. दोघांनाही बाय आहे, दोघेही एकमेकांशीच खेळणार आहेत आणि दोघांची नावे डाव्या कडेला अगदी शेजारी आहेत. डोळा नावांवरून खाली सरकत असतो. दोन शेजारी नावे आणि त्यांना जोडणारी रेघ दिसली की हात आपोआप ‘पहिली फेरी’ असे लिहितो. फोटो थोडा तिरका काढलेला असेल, तर लांब रेघ आणि आखूड रेघ यांतला फरकही दबून जातो. वास्तविक 10 विरुद्ध 11 हा उपांत्यपूर्व फेरीचा सामना आहे.

ही चूक एकटी राहत नाही, म्हणून तिच्याबद्दल इतके लिहिते आहे. त्या सामन्याला पहिल्या फेरीत टाकले की पहिल्या फेरीत तीनऐवजी चार सामने होतात आणि उपांत्यपूर्व फेरीत चारऐवजी तीनच उरतात. तीन विजेत्यांवरून दोन उपांत्य सामने जुळत नाहीत, तेव्हा नवखा माणूस खालच्या भागात एक जास्तीची बाय कल्पून मोकळा होतो. बेरीज मात्र दहाच राहते! बाद पद्धतीत संघांपेक्षा एक सामना कमी असतो, हा ताळा सगळे जण करतात आणि तो येथे बिनबोभाट जमतो. त्यामुळे एकूण सामन्यांची संख्या बरोबर आली एवढ्यावर कधीही विसंबू नये. प्रत्येक फेरीतील संख्या स्वतंत्रपणे मोजावी. अंतिम सामन्याकडून मोजताना ती 1, 2, 4 अशीच आली पाहिजे आणि जे काही कमी पडेल ते फक्त सर्वांत डावीकडच्या फेरीत कमी पडले पाहिजे.

या घोटाळ्यातून सुटण्याचा माझ्या माहितीतला खात्रीचा मार्ग म्हणजे नावे वाचायचीच नाहीत, निदान सुरुवातीला. फोटोतील सर्वांत उजवीकडची उभी रेघ शोधावी. ती म्हणजे अंतिम सामना. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आलेल्या आडव्या रेघा डावीकडे नेल्या की दोन उभ्या रेघा सापडतात. त्या उपांत्य फेरी. त्यांच्या चार टोकांवरून चार उभ्या रेघा मिळतात. ती उपांत्यपूर्व फेरी. प्रत्येक उभी रेघ हा एक सामना आहे आणि तिच्या प्रत्येक टोकाला दोनच शक्यता आहेत: आडवी रेघ दुसऱ्या उभ्या रेघेला भिडते, किंवा एखाद्या नावापाशी संपते. भिडत असेल तर त्या जागी ‘अमुक सामन्याचा विजेता’ लिहावे, नावापाशी संपत असेल तर संघाचे नाव लिहावे. सामन्याची फेरी तो अंतिम सामन्यापासून किती पायऱ्या मागे आहे यावरून ठरते. नाव कागदाच्या कोणत्या कडेला लिहिले आहे याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. 10 आणि 11 यांना जोडणारी उभी रेघ या पद्धतीने पाहिली की ती अंतिम सामन्यापासून दोन पायऱ्या मागे असल्याचे लगेच दिसते आणि शंकेला जागा उरत नाही.

फोनमधून फोटोतील मजकूर उचलण्याची सोय आहे. ती नावे टंकित करण्याचा त्रास वाचवते, पण रेघा टाकून देते, आणि येथे सगळा अर्थ रेघांमध्येच आहे. आठ किंवा सोळा संघांचे तयार एक्सेल नमुने वापरण्याचा सल्लाही मिळेल. माझे मत स्पष्ट आहे: नवख्याने ते वापरू नयेत, कारण नमुन्यातील बायच्या जागा आणि भिंतीवरील कागदावरच्या जागा जुळतीलच असे नाही, आणि कित्येक मंडळे मानांकित संघांना बाय देताना वरचा प्रचलित क्रम पाळत नाहीत. वाद झाल्यास भिंतीवरचा कागद खरा मानला जातो.

वेळा हा दुसरा भाग. आपल्या उदाहरणात शनिवार, 17 जानेवारी ही तारीख असून प्रत्येक उभ्या रेघेपाशी पेनने वेळ आणि मैदान लिहिले आहे असे धरू. सामना 20-5-20 मिनिटांचा असला, तरी थांबे आणि संघांची ये-जा धरून आयोजक बहुधा एका तासाचा हिशेब करतात. त्यावरून अशी यादी तयार होईल:

सा. 1 | पहिली फेरी | संघ 2 वि. संघ 3 | 17 जानेवारी, 18:00 | मैदान 1
सा. 2 | पहिली फेरी | संघ 4 वि. संघ 5 | 17 जानेवारी, 18:00 | मैदान 2
सा. 3 | पहिली फेरी | संघ 8 वि. संघ 9 | 17 जानेवारी, 19:00 | मैदान 1
सा. 4 | उपांत्यपूर्व | संघ 1 वि. सा. 1 चा विजेता | 17 जानेवारी, 20:00 | मैदान 1
सा. 5 | उपांत्यपूर्व | सा. 2 चा विजेता वि. संघ 6 | 17 जानेवारी, 20:00 | मैदान 2
सा. 6 | उपांत्यपूर्व | संघ 7 वि. सा. 3 चा विजेता | 17 जानेवारी, 21:00 | मैदान 1
सा. 7 | उपांत्यपूर्व | संघ 10 वि. संघ 11 | 17 जानेवारी, 19:00 | मैदान 2
सा. 8 | उपांत्य | सा. 4 चा विजेता वि. सा. 5 चा विजेता | 17 जानेवारी, 22:00 | मैदान 1
सा. 9 | उपांत्य | सा. 6 चा विजेता वि. सा. 7 चा विजेता | 17 जानेवारी, 23:00 | मैदान 1
सा. 10 | अंतिम | सा. 8 चा विजेता वि. सा. 9 चा विजेता | 18 जानेवारी, 00:30 | मैदान 1

सामना 7 ची वेळ नीट पाहा. 10 आणि 11 यांना कोणत्याही निकालाची वाट पाहायची नसल्यामुळे आयोजकांनी त्यांना 19:00 वाजता, म्हणजे पहिल्या फेरीच्या सामना 3 बरोबरच, मोकळ्या मैदानावर उतरवले. नियोजन म्हणून हे शहाणपणाचे आहे. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सापळा दुहेरी होतो, कारण आता वेळही ‘पहिली फेरी’ असेच सुचवते. म्हणून यादी सामना क्रमांकाने तयार करावी आणि वेळेनुसार लावलेली दुसरी प्रत निवेदकाला द्यावी. वेळेच्या क्रमावरून फेरी ठरवू नये, फेरीच्या क्रमावरून वेळही गृहीत धरू नये.

अंतिम सामन्याची तारीखही नजरेतून निसटते. कागदावर ‘शनिवार’ या शीर्षकाखाली ‘12.30’ एवढेच लिहिलेले असते. संगणकात ते तसेच भरले, तर तो शनिवारी दुपारचा सामना ठरतो आणि वेळेनुसार लावलेल्या यादीत सर्वांत वर जाऊन बसतो. चोवीस तासांच्या पद्धतीने 00:30 लिहावे आणि तारीख पुढच्या दिवसाची घालावी. वार्ताहर कुरकुरले तरी हरकत नाही.

हस्ताक्षरातील अंकांची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. देवनागरी १ आणि ९ यांत घोळ होतो हे खरे, पण तो पकडता येतो: कोणताही सामना त्याला विजेते पुरवणारे दोन्ही सामने संपण्याआधी सुरू होऊ शकत नाही. सामना 6 ची वेळ ‘९’ऐवजी ‘१’ वाचली गेली, तर तो मध्यरात्रीनंतर एक वाजता, म्हणजे अंतिम सामन्याच्याही नंतर पडेल आणि चूक स्वतःच पुढे येईल. प्रत्येक ओळीसाठी ही तपासणी करायला यादीइतकाही वेळ लागत नाही.

फोटोबद्दल थोडेच सांगते. कागदाच्या अगदी समोर उभे राहून, चारही कोपरे येतील असा एक फोटो घ्यावा आणि त्यानंतर वरच्या व खालच्या भागाचे दोन जवळचे फोटो घ्यावेत, ज्यांत मधल्या एक-दोन जोड्या दोन्हीकडे येतील. स्पर्धा सुरू झाल्यानंतरचा फोटो हाती आला असेल, तर पुढच्या रेघांवर लिहिलेली नावे ही विजेत्यांची आहेत, नवे संघ नव्हेत. संघ फक्त सर्वांत डावीकडच्या नावांवरून मोजावेत. प्रतिस्पर्धी न आल्यामुळे मिळालेली ‘पुढे चाल’ ही बाय नव्हे: तो सामना यादीत राहतो, फक्त निकालाच्या जागी तशी नोंद होते.

एखादी रेघ काही केल्या कळत नसेल, तर सर्वांत मोठ्या पदाधिकाऱ्याकडे जाऊ नका. ते उत्तर देतील, पण कागद न पाहता. गुणलेखकांच्या टेबलावर जाऊन विचारा. पुढे कोण कोणाशी खेळणार हे रात्रभर त्यांनाच सांभाळायचे असते, त्यामुळे ते बोट ठेवून दाखवतात. निकाल येऊ लागले की ‘सा. 3 चा विजेता’ या जागी संघाचे नाव भरावे, पण सामना क्रमांक बदलू नये आणि आधीची प्रत पुसू नये, कारण वेळ बदलल्याची तक्रार आली तर कोणत्या फोटोवरून कोणती वेळ घेतली हे तुम्हालाच दाखवावे लागते. त्यासाठी प्रत्येक प्रतीच्या वर फोटो काढल्याची वेळ लिहून ठेवावी.