कमोड घेण्याआधी पाइप कुठे आहे ते बघा

पाइप जमिनीतून वर आला असेल तर एस-ट्रॅप, मागच्या भिंतीतून येत असेल तर पी-ट्रॅप. दुकानात ठरवायचं काही उरतच नाही.

एस-ट्रॅपमध्ये फसगत होते ती मापात. सांगलीत आमच्या घरी गवंड्याने विटांच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत ९ इंच धरले. प्लास्टर आणि टाइल्सनी दीड इंच खाल्ला, उरले साडेसात. ९ इंची कमोड बसेचना, टाकी भिंतीला अडली! म्हणून माप टाइल लागलेल्या भिंतीपासून घ्या. पी-ट्रॅपला तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची लागते, बहुधा सव्वासात इंच.

वरच्या मजल्यावर बाहेरची भिंत मागे असेल तर मी पी-ट्रॅपच घेईन. स्लॅब फोडावा लागत नाही.