लेक्चरच्या रेकॉर्डिंगवरून नोट्स काढताय? या चुका टाळा

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न ऐकू आलेला शब्द अंदाजाने भरणं. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या एका ज्युनियरने ईसीजीच्या लेक्चरच्या नोट्स काढल्या, त्यात लिहिलं "हायपोकॅलेमियात टी वेव्ह उंच आणि टोकदार", आणि तेच ग्रुपवर फिरलं. हे सरळ उलटं आहे, पोटॅशियम वाढलं की टी वेव्ह उंच होते आणि कमी झालं की चपटी होते. मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं तर बरोबर त्याच क्षणाला कोणीतरी बेंच ओढलाय, ऐकू येतं फक्त "...कॅलेमिया". तिने डोक्यात आला तो शब्द टाकला आणि पुढे गेली.

अशा ठिकाणी मी असं लिहिते:

[२३:१४ – "हायपो/हायपर?"कॅलेमियात टी वेव्ह उंच, बेंचचा आवाज, पुस्तकात बघ]

म्हणजे वेळ, जे खरंच ऐकू आलं ते, दोन्ही शक्यता, आणि कुठे तपासायचं ते. पुस्तकात "हायपर" सापडलं तरी कंस लगेच पुसत नाही, शेजारी "पुस्तकातून" लिहिते, कारण ते सरांच्या तोंडून ऐकलेलं नाही. डोस, आकडे, आणि "आहे की नाही" यावर तर शंका असो नसो, खूण करतेच. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" पंख्याच्या आवाजात सारखेच वाटतात.

दुसरी चूक, आवाज धुऊन धुऊन संपवणं. ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनचा आकडा वाढवला की पंखा जातो, पण "स", "श", "फ" चा सूं-सूं आवाजही पंख्यासारखाच असतो म्हणून तोही जातो, सर पाण्याखालून बोलतायत असं वाटतं, आणि मग लोक तेच परत दुसऱ्यांदा चालवतात! सर फळ्याकडे वळून गप्प आहेत अशी दोनेक सेकंदं निवडून Get Noise Profile दाबा, मग सगळं रेकॉर्डिंग सिलेक्ट करून रिडक्शन ६ ते ९ डीबी ठेवा, १२ च्या वर मी जातच नाही. आणि OK करायच्या आधी Residue निवडून प्रिव्ह्यू ऐका, त्यात जे काढून टाकलं जाणार तेवढंच वाजतं. तिथे शब्द ओळखू आले तर आकडा कमी करा, आणि परत Reduce निवडून मगच OK करा. बेंच, खोकला, शेजारच्यांच्या गप्पा याने जात नाहीत, तो फक्त एकसारख्या घरघरीसाठी आहे, तेव्हा त्या जागा खूण करूनच सोडायच्या.

मधल्या शांत जागा कापून फाइल छोटी करू नका, वेळा सरकतात आणि २३:१४ ला भलतंच वाक्य लागतं.

मूळ फाइल डिलीट करू नका. परीक्षेपर्यंत तरी नाही.

दीडपट स्पीडवर ऐकून नोट्स काढणाऱ्यांना मला खरंच विचारायचंय, घाई कसली आहे? खुणेच्या जागा ०.७५ वर, हेडफोन लावून, आधीच्या दहा सेकंदांपासून ऐका, अर्ध्या खुणा तिथेच सुटतात. उरलेल्या कागदावर उतरवून पुढच्या लेक्चरला पाच मिनिटं आधी जा आणि सरांना विचारा, पण "२३:१४ ला काय म्हणालात" असं नको, त्यांना कसं आठवणार, "टी वेव्ह उंच कशात होते" असं विचारा.