मसाल्याच्या बरणीवरचं नाव धूसर का आलं

जळगावात प्रॉडक्ट रेंडरचं काम सुरू केलं तेव्हा सुरुवातीलाच काळ्या मसाल्याची बरणी आली. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 50 मिमी लेन्स, `F-Stop` 2.8 ठेवलं आणि `Focus on Object` मध्ये बरणीच निवडली. रेंडर पाहून मसालेवाल्या काकू म्हणाल्या, "मिरच्यांचे देठसुद्धा दिसतात रे, पण आमचं नावच वाचता येत नाही."

चूक त्या देठांनीच दाखवली. मिरच्या बरणीच्या बाजूला, बरोबर तिच्या मध्याच्या रेषेत होत्या. ऑब्जेक्ट निवडला की फोकस त्याच्या ओरिजिनवर बसतो, आणि तो बरणीच्या पोटात होता. बरणीचा व्यास 60 मिमी, म्हणजे लेबल फोकसच्या 30 मिमी पुढे. आता मी वेगळा एम्प्टी, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारा रिकामा ऑब्जेक्ट, ठेवतो आणि फोकस त्याला देतो.

पण तो नेमका कुठे ठेवायचा? लेबलवरचा मजकूर 40 मिमी रुंद होता. गोलाईमुळे त्याच्या कडा मधल्या भागापेक्षा साधारण 8 मिमी मागे जातात. एम्प्टी काचेच्या पुढच्या टोकावर ठेवला, तर निम्मी स्पष्टता बरणीपुढच्या हवेत वाया जाते. म्हणून तो 4 मिमी आत ठेवला.

आता त्या 8 मिमी खोलीपर्यंत सगळं स्पष्ट दिसेल, एवढं अ‍ॅपर्चर ठरवायचं. चौकट 120 मिमी रुंद आणि सेन्सर 36 मिमी, म्हणून मॅग्निफिकेशन 0.3. सेन्सरवर 0.03 मिमी धूसरपणा चालेल असं धरलं, तर:

```
खोली = 2 × N × 0.03 / (0.3 × 0.3)
```

N म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा, `F-Stop`. 2.8 ला जेमतेम 1.9 मिमी मिळतात, 12 ला 8. थोडी सवड म्हणून मी 13 ठेवलं. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये हा आकडा वाढवल्याने चित्र काळवंडत नाही, त्यामुळे बिनधास्त वाढवा. मात्र मॉडेल खऱ्या मापाचं हवं. मिलिमीटरमधली फाइल मीटर म्हणून आली, तर बरणी 60 मीटरची होते आणि धूसरपणा जवळजवळ नाहीसाच होतो.

सूत्रात फोकल लेंग्थ नाही, हे मला उशिरा उमगलं. चौकट तेवढीच ठेवली तर लेन्स बदलून लेबलची स्पष्टता वाढत नाही. तरीही मी 100 मिमी घेतली. 50 ला कॅमेरा 17 सेंमीवर येतो आणि बरणीचं पोट फुगल्यासारखं दिसतं. 100 ला तो 33 सेंमीवर जातो. शिवाय मागचा पडदा जास्त विरघळतो. तो अजून मऊ हवा असेल, तर अ‍ॅपर्चरला हात न लावता पडदाच मागे सरकवा.

दुसऱ्या रेंडरमध्ये नाव कडेपर्यंत वाचता आलं. मिरच्या थोड्या मऊ झाल्या, पण मिरच्या म्हणून ओळखू येत होत्या.