व्हेज मोमोच्या प्लेटचे मॅक्रो घरी कसे काढावेत: वाफवलेले, तळलेले आणि लाल चटणीसकट

अॅपमध्ये ‘व्हेज मोमो, १ प्लेट’ असं शोधून येणारा आकडा वापरू नका. त्या प्लेटमध्ये किती मोमो होते, पारी किती जाड होती, सारणात तेल किती होतं, यातलं काहीच त्या आकड्यावरून कळत नाही. दिल्लीत फुल प्लेट म्हणजे सहसा ८ मोमो, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांवर ५ किंवा ६ मिळतात. एवढ्या फरकानेच हिशोब दीडपट चुकतो. ग्रॅम दाखवणारा किचन काटा असेल तर घरचा हिशोब एका संध्याकाळी होतो, आणि तो पुढे बाहेरच्या प्लेटलाही लावता येतो.

सगळं कच्चं असतानाच मोजा. वाफवलेल्या मोमोचं वजन हिशोबाला निरुपयोगी, कारण त्यात पाणी किती आहे हे सांगता येत नाही. मी २४ मोमोंसाठी २५० ग्रॅम मैदा १२५ ग्रॅम पाण्यात भिजवते. साऱ्या पाऱ्या लाटून झाल्यावर उरलेला गोळाही काट्यावर ठेवायचा. तो १५ ग्रॅम भरला तर त्यात मैदा १० ग्रॅम. म्हणजे मोमोंत गेला २४० ग्रॅम, एका मोमोला १०. सारणाला २५० ग्रॅम कोबी, १०० ग्रॅम गाजर, ५० ग्रॅम कांदा आणि १२ ग्रॅम तेल. कोबीला मीठ लावून पाणी पिळून टाकलं की थोडी साखरही त्याबरोबर जाते, पण ती इतकी कमी असते की सोडून द्यावी. आलं-लसूण, मिरपूड, अजिनोमोटो यांच्या कॅलरी लिहीत बसू नका.

आता ८ मोमोंची प्लेट धरू. ८० ग्रॅम मैद्यातून साधारण २८० कॅलरी, ८ ग्रॅम प्रोटीन आणि ६० ग्रॅम कार्ब्स येतात. भाज्यांचे ४० कॅलरी आणि ८ ग्रॅम कार्ब्स. वाट्याला आलेल्या ४ ग्रॅम तेलाचे ३६. वाफवलेल्या प्लेटचा हिशोब झाला सुमारे ३५५ कॅलरी, १० ग्रॅम प्रोटीन, ६८ ग्रॅम कार्ब्स, ५ ग्रॅम फॅट. भाजीचे मोमो म्हणून ‘हलकं खाणं’ समजणाऱ्यांनी यातला मैद्याचा वाटा नीट पाहावा. यातलं बहुतेक प्रोटीनही मैद्याचंच आहे. ते वाढवायचं असेल तर वाफवणं-तळणं यात अदलाबदल करून काही होत नाही, सारण बदलावं लागतं. २४ मोमोंच्या सारणात १०० ग्रॅम पनीर कुस्करून घातलं तर प्लेटमागे साधारण ६ ग्रॅम प्रोटीन वाढतं आणि ७ ते ८ ग्रॅम फॅटही.

मोदकपात्रात १० ते १२ मिनिटं वाफवा.

तळलेल्या मोमोचा आकडा काढताना मात्र जवळजवळ सगळे फसतात, आणि फसवणारे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात. एक सल्ला असा की तळण्याआधी आणि तळल्यानंतर मोमोंचं वजन करा, वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं तेल. करून पाहा, वजन वाढत नाही, उलट घटतं. वाफवलेले ८ मोमो २४० ग्रॅम होते, तळून निघाले २२२ ग्रॅम. यावरून ‘माझ्या मोमोंनी तेल प्यायलंच नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. प्रत्यक्षात गरम तेलात पारीतलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि त्याच वेळी तेल आत शिरतं. दोन्ही गोष्टी एकत्र घडत असल्याने मोमोचं वजन तुम्हाला तेलाबद्दल काहीच सांगू शकत नाही. दुसरा सल्ला ‘प्लेटमागे एक चमचा तेल धरा’. तो तर निव्वळ मनाची समजूत आहे.

वजन मोमोंचं करू नका, तेलाचं करा. कढई, तेल आणि झारा असं सगळं एकत्र, थंड असताना काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. टिपकागदाचंही वजन लिहा. मोमो तळा, कागदावर काढा, आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत थांबा. गरम कढई काट्यावर ठेवली तर काटा खराब होईल आणि हातही भाजेल, इथे घाई नकोच. गार झाल्यावर झाऱ्यासकट पुन्हा वजन करा. आधी १२४० ग्रॅम होतं, नंतर १२१६ भरलं, म्हणजे २४ ग्रॅम तेल गेलं. कागद ३ ग्रॅमने जड झाला. उरलेलं २१ ग्रॅम मोमोंमध्ये आहे. तेल मापाच्या पेल्याने मोजू नका. गरम तेल फुगतं, त्यामुळे मिलिलिटरचा आकडा खोटा येतो, शिवाय १०० मिलिलिटर तेल म्हणजे सुमारे ९२ ग्रॅम, १०० नव्हे.

२१ ग्रॅम तेल म्हणजे १८९ कॅलरी. तळलेली प्लेट झाली सुमारे ५४५ कॅलरी आणि २६ ग्रॅम फॅट. प्रोटीन आणि कार्ब्स जिथे होते तिथेच. २४० आणि २२२ मधलं गणितही आता जुळतं: ३९ ग्रॅम पाणी गेलं, २१ ग्रॅम तेल आलं.

हा २१ चा आकडा तुमच्याकडे वेगळा येईल. एखादा मोमो तळताना फुटला तर तेल थेट सारणात जातं आणि सगळं मोजमाप बिघडतं, तो घाणा हिशोबात धरूच नका. वाफेतून काढलेले ओले मोमो लगेच कढईत सोडू नका, थोडा वेळ पंख्याखाली सुकू द्या, नाहीतर तेल उडून बाहेर पडेल आणि तेही मोमोंच्या नावावर लिहिलं जाईल. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात: बरंचसं तेल मोमो कढईबाहेर आल्यावर आत ओढलं जातं. गरम असताना आतली वाफ तेलाला बाहेर रोखून धरते. मोमो निवू लागला की ती वाफ विरते आणि पृष्ठभागावरचं तेल आत शोषलं जातं. म्हणून झाऱ्यावर निथळून लगेच कागदावर, एकमेकांपासून सुटे ठेवायचे. भांड्यात एकावर एक रचलेले मोमो जास्त तेलकट होणारच.

चटणी सोपी आहे. ३०० ग्रॅम टोमॅटो, १० ग्रॅम सुक्या लाल मिरच्या, २० ग्रॅम लसूण, १५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम साखर, शेवटी व्हिनेगर. शिजून २५० ग्रॅम झाली तर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम चटणीत ३० ते ३५ कॅलरी आणि जेमतेम २ ग्रॅम फॅट. यात तेल फोडणीचं आहे. नुसत्या उकडून वाटलेल्या चटणीत याच्या साधारण निम्म्याच कॅलरी भरतील. त्यामुळे लाल चटणी बिनधास्त खा. शेजारच्या मेयोनेजचं मात्र पाकिटावरचं लेबल वाचा आणि ते वेगळं लिहा.

गाडीवरच्या प्लेटसाठी एक वाफवलेली प्लेट घरी आणा. दोन मोमोंच्या पाऱ्या सोलून त्यांचं वजन करा, ते निम्मं करून त्याच्या ६० टक्के मैदा धरा आणि मोमोंच्या संख्येने गुणा. त्याच गाडीवरचे तळलेले मोमो खाल्ले तर वाफवलेल्या प्लेटच्या वजनाच्या १० ते १२ टक्के तेल वरून जोडा. घरी ९ टक्क्यांच्या आसपास आलं होतं, पण पुन्हापुन्हा तापवलेलं तेल पदार्थात जास्त मुरतं. पिशवीचा कागद तेलाने पारदर्शक झालेला दिसला तर मी १२ च धरते.