जाहिरातीचा अलर्ट लावण्याआधीची तयारी

उदाहरण लातूरच्या एखाद्या नीट क्लासचं घेऊ. गुगल सर्चवर रोज 1000 रुपयांची जाहिरात चालते, सरासरी 10 चौकशा येतात, म्हणजे एक चौकशी 100 रुपयांना पडते. अलर्ट लावायला बसण्याआधी मागच्या आठ आठवड्यांचा दिवसवार खर्च आणि चौकशा एका शीटमध्ये उतरवून घ्या. पोळा, महालक्ष्म्या, नीटचा निकाल हे दिवस वेगळ्या रंगाने खुणवा. त्यांना सरासरीत धरू नका. रविवारची तुलना रविवारशीच करा.

आता बहुतेक जण जिथे अडकतात ते पाहू. ‘चौकशीचा खर्च 50 टक्के वाढला की कळवा’ असा अलर्ट ठेवला तर तो सारखा वाजत राहतो. सरासरी 10 असताना, काहीही बिघडलेलं नसलं तरी, साधारण आठ दिवसांतून एकदा सहा किंवा त्याहून कमी चौकशा येतात. त्या दिवशी एक चौकशी 166 रुपयांच्या वर जाते. तीन किंवा त्याहून कमी चौकशा मात्र शंभरात एखाद्याच दिवशी येतात. म्हणून रोजची मर्यादा टक्क्यांत न ठेवता तीन चौकशांवर ठेवा. छोट्या खात्यात दिवसाला दोनच चौकशा येत असतील, तर रोजचा अलर्ट नकोच, सात दिवसांची बेरीज पाहा.

खरा बिघाड लवकर पकडायचा तर नियम असा लिहा: आज 500 रुपये खर्च झाले आणि चौकशी शून्य. एवढ्या पैशांत पाच यायला हव्या होत्या. नुसत्या योगायोगाने शून्य येण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी. असं झालं तर बहुधा फॉर्म बंद पडलेला असतो किंवा वेबसाइट बदलताना चौकशी मोजणारा टॅग निघून गेलेला असतो. 300 रुपयांवरच हा नियम लावला तर शेकडा पाच वेळा उगाच वाजेल. शिवाय गुगलवर आकडे काही तास उशिरा दिसतात, तेव्हा थोडी जास्त वाट पाहणंच बरं.

खर्चाचा अलर्ट 1200 वर ठेवू नका. गुगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करतं आणि महिन्याच्या हिशेबात ते भरून काढतं. 2000 ओलांडले तरच दखल घ्या. जाहिरात दिसण्याचा आकडा शून्य झाला तर मात्र लगेच कळायला हवं: कार्ड नाकारलं गेलं असेल, नाहीतर जाहिरात नामंजूर झाली असेल.

कालच्या चौकशा आज कमी दिसल्या तरी थांबा. काल क्लिक करून आज फॉर्म भरणाऱ्या पालकाची नोंद गुगल कालच्याच तारखेला टाकतं.

शेवटी हे सगळे नियम त्या आठ आठवड्यांच्या शीटवर चालवून पाहा. ज्या दिवशी काही बिघडलं नव्हतं त्या दिवशी दोनपेक्षा जास्त वेळा अलर्ट वाजला असता, तर मर्यादा सैल करा. खरा बिघाड सुटला असता, तर घट्ट करा.