नेमकं समोरच उतरायचं, तर होडीचं तोंड किती वळवायचं?

अकरावीत सापेक्ष वेगाची होडीची गणितं सुरू झाली की बहुतेक जण सूत्र पाठ करतात आणि sin की tan यावर अडतात. त्यापेक्षा एक उदाहरण आकृती काढून नीट सोडवा.

नदी 200 मीटर रुंद, प्रवाह 3 मी/से, स्थिर पाण्यात होडीचा वेग 5 मी/से. तोंड सरळ पैलतीराकडे ठेवलं तर होडी 200/5 = 40 सेकंदांत पलीकडे पोचते, पण तेवढ्यात पाणी तिला 120 मीटर खाली नेतं. नेमकं समोर उतरायचं असेल, तर होडीच्या वेगाचा प्रवाहाविरुद्धचा घटक बरोबर 3 यायला हवा. काठाला लंब असलेल्या रेषेपासून प्रवाहाच्या उलट बाजूला θ कोन घेतला, की

5 sin θ = 3, म्हणून θ ≈ 37°

आडवा वेग 5 cos θ = 4 मी/से, वेळ 50 सेकंद. म्हणजे समोर उतरण्याची किंमत 10 सेकंद. 'कमीत कमी वेळ' विचारला असेल तर तोंड सरळ पलीकडे, 'कमीत कमी अंतर' म्हटलं तर 37° वर. प्रश्नातला हा एक शब्द नीट वाचा.

आता tan ची भानगड. 5 हा होडीचा पाण्याच्या सापेक्ष वेग, म्हणून तो त्रिकोणाचा कर्ण असतो. काटकोनाला लागून 3 आणि 4 बसतात. 5 ला चुकून लंब बाजू धरली की tan θ = 3/5 येतं आणि कोन निघतो 31°. त्या कोनाने प्रवाहाविरुद्ध फक्त 2.57 मी/से मिळतात, उरलेले 0.43 होडीला वाहवत नेतात आणि ती साधारण 20 मीटर खाली लागते. उत्तर आल्यावर 5 sin θ करून बघा. 3 आलं नाही तर आकृती चुकली आहे. पर्यायांत 127° दिसलं तर दचकू नका, तो प्रवाहाच्या दिशेपासून मोजलेला तोच कोन आहे.

प्रवाह होडीपेक्षा वेगवान असेल तर? आकडे उलटवा: होडी 3, प्रवाह 5. मग sin θ = 5/3, जे शक्यच नाही; समोर उतरताच येत नाही. फार तर कमीत कमी खाली जाता येतं, त्यासाठी sin θ = 3/5 घ्यायचा. उत्तर पुन्हा 37° च, पण कारण वेगळं: इथे होडीचं तोंड तिच्या प्रत्यक्ष मार्गाला लंब असतं. आडवा वेग 2.4 आणि खाली जाण्याचा 3.2, म्हणून होडी सुमारे 267 मीटर खाली लागते. तोंड सरळ ठेवलं असतं तर 333 मीटर.

खऱ्या नदीत पाणी काठाशी संथ आणि मध्ये जोरात असतं. एकच कोन धरून ठेवला तर होडी आधी थोडी वर जाते, मध्यावर खाली ओढली जाते आणि शेवटी पुन्हा वर सरकते. तरी ती समोर लागू शकते, फक्त sin θ काढताना 3 च्या जागी काठापासून काठापर्यंतच्या प्रवाहाची सरासरी घ्यायची.